मासेमारी बोटीवरची नोंदणी अक्षरं

मासेमारी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना ऑइलपेंटने मोठी अक्षरं आणि आकडा रंगवलेला असतो, त्यावरून ती बोट कुठल्या देशाची, कुठल्या बंदर-जिल्ह्याच्या रजिस्टरमधली आणि त्या रजिस्टरमध्ये कितव्या नंबरची हे कळतं. बोटीचं नाव वेगळं असतं, पण ओळख पटवायला नाव फार कामाचं नाही. एकाच नावाच्या डझनभर बोटी एकाच बंदरात असतात, शिवाय परदेशी माणसाला ते नाव लांबून वाचता येत नाही.

ही पद्धत नक्की कधी सुरू झाली यावर मतं वेगवेगळी आहेत आणि ती वेगळी असण्याचं कारण म्हणजे सुरुवात कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये इंग्लिश खाडीतल्या कालवांवरून आणि एकमेकांची जाळी तोडण्यावरून भांडणं चालायची, म्हणून २ ऑगस्ट १८३९ ला दोघांनी करार केला आणि त्याखालचे नियम १८४३ मध्ये आले. त्यात बोटींवर अक्षरं-आकडे टाकायचं बंधन होतं, म्हणून काही अभ्यासक १८४३ धरतात. ब्रिटिश कायद्याच्या अंगाने लिहिणारे १८६८ चा सी फिशरीज ॲक्ट धरतात, कारण रजिस्टरची व्यवस्था त्यात नीट बसली. आंतरराष्ट्रीय म्हणायची असेल तर मात्र ६ मे १८८२ चा हेगचा उत्तर समुद्र करार धरणं जास्त पटतं, कारण ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स आणि नेदरलँड्स या सहा देशांनी पहिल्यांदाच एकच माप आणि एकच रंग मान्य केला.

१८८२ च्या करारातलं माप बघण्यासारखं आहे. पंधरा टन आणि वरच्या बोटीला अक्षरं ४५ सेंमी उंच आणि रेघ ६ सेंमी जाड, त्याखालच्या बोटीला २५ सेंमी आणि ४ सेंमी. काळ्या पट्ट्यावर पांढरा ऑइलपेंट, बोटीच्या वरच्या काठाखाली ८ ते १० सेंमीवर. तीच अक्षरं मोठ्या शिडावर दोन्ही बाजूंना, आणि ती नाळेवरच्यापेक्षा एक तृतीयांश मोठी. अक्षरं पुसायची, झाकायची किंवा लपवायची नाहीत असं स्पष्ट लिहिलं होतं. जाळ्यांच्या बोयांवर आणि नांगरांवरसुद्धा बोटीची अक्षरं हवी होती, कारण रात्री ट्रॉलर कोणाच्या तरी पाण्यात सोडलेल्या जाळ्यातून आरपार गेला की सकाळी फक्त तुटलेलं जाळं आणि बोये हातात राहायचे, आणि ते कोणाचे हे अक्षरांशिवाय सिद्ध करता यायचं नाही.

देश कळणं एवढं गरजेचं का, तर खुल्या समुद्रात गुन्हा झाला की खटला कुठल्या कोर्टात चालणार हे बोटीच्या देशावर ठरतं. १८८२ च्या करारात गस्ती जहाज दुसऱ्या देशाची बोट थांबवून तपासू शकत होतं, पण गुन्हा गंभीर वाटला तर तिला तिच्याच देशाच्या बंदरात नेऊन तिथल्या अधिकाऱ्यांकडे द्यायचं होतं. म्हणजे अधिकाऱ्याला पहिल्या नजरेतच कळायला हवं की ही आपली की परक्याची, आणि परक्याची असेल तर कुठे न्यायची.

जिल्ह्याचं गणित मात्र बऱ्याच जणांचं चुकतं. अक्षर बोट रात्री कुठे उभी असते ते सांगत नाही, बोटीचं नाव कुठल्या वहीत आहे ते सांगतं. ब्रिटनमध्ये ही रजिस्टरं कस्टम्सचे अधिकारी ठेवायचे आणि कस्टम्सच्या एका बंदराच्या हद्दीत अनेक लहान बंदरं यायची. म्हणून कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनच्या धक्क्यावर उभ्या बोटींवर पीझेड दिसतं, ते शेजारच्या पेन्झान्सचं. ब्रिटिश अक्षरं बऱ्याचदा नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर घेऊन केलेली असतात, जसं ग्रिम्सबीचं जीवाय, पीटरहेडचं पीडी, पण हलसारख्या बड्या बंदराला नुसतं एच मिळालं. आणि फसवणारं उदाहरण म्हणजे डच बोटीवरचं यूके, ते युनायटेड किंगडम नसून उर्क या डच मासेमारी गावाचं आहे, त्यामुळे देशाची यादी हाताशी नसेल तर नुसत्या अक्षरावरून निष्कर्ष काढू नये.

भारतात देश, राज्य, जिल्हा असं सगळं नंबरातच घातलेलं आहे. रामेश्वरमच्या ट्रॉलरवर आयएनडी-टीएन-१०-एमएम आणि पुढे आकडा असतो. आयएनडी म्हणजे भारत, टीएन तमिळनाडू, १० म्हणजे रामनाथपुरम जिल्हा, एमएम म्हणजे आतमध्ये इंजिन बसवलेली यांत्रिक बोट. बाहेरून इंजिन लावलेल्या होडीला एमओ आणि बिनइंजिनच्या होडीला एनएम. इथे गाडीच्या नंबरची सवय आड येते, कारण तमिळनाडूत रस्त्यावर टीएन-१० ही चेन्नईची गाडी असते आणि समुद्रात रामनाथपुरमची बोट. उलट गुजरातमध्ये पोरबंदरच्या बोटीवर जीजे-२५ असतं आणि पोरबंदरच्या गाडीवरही तेच, म्हणजे सगळ्या राज्यांना एकच किल्ली चालत नाही. महाराष्ट्राच्या बोटींवर एमएच आणि मग जिल्ह्याचा आकडा येतो, तोही आरटीओचा धरून वाचू नये.

उपयोग कसा होतो ते पाल्कच्या सामुद्रधुनीत दिसतं. तिथली भारत-श्रीलंका सागरी सीमा १९७४ च्या कराराने ठरली, आणि पाणी इतकं अरुंद आहे की रामेश्वरमची बोट संध्याकाळी निघून रात्रीत सीमेपलीकडे जाऊ शकते. श्रीलंकेच्या नौदलाने बोट पकडली की नाळेवरचा नंबर नोंदवला जातो. आयएनडी वाचलं की प्रकरण वकिलातीकडे जातं, टीएन-१० वाचलं की इकडे रामनाथपुरमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात वही उघडते आणि मालकाचं नाव, बोटीची लांबी, इंजिन हे सगळं निघतं. तिकडच्या कोर्टात बोट परत मागायला मालकाला तीच कागदपत्रं दाखवावी लागतात, म्हणून नाळेवरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही तर बोट आपली असून मिळवता येत नाही.

२००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही बोट पळवून तिच्यावरून मुंबईकडे आले, त्यानंतर देशभर एकसारखी ऑनलाइन नोंदणी आणि बोटींना राज्यवार रंग देण्यावर भर वाढला. नंबरची मर्यादाही त्याच घटनेत आहे, कारण बोटीवरचा नंबर खरा असला तरी आतली माणसं कोण हे तो सांगत नाही, म्हणून मच्छीमारांना ओळखपत्रं देण्याचं काम वेगळं सुरू झालं.

रंगवलेला नंबर झिजतो. जाळं ओढताना दोर नाळेवर घासतो, धक्क्याला टायर लागतात, खारं पाणी पेंट सोलतं, त्यामुळे सीझन सुरू व्हायच्या आधी बोट किनाऱ्यावर ओढली की तांडेल पुन्हा अक्षरं भरून घेतात. तपासणाऱ्याला संशय कुठे येतो तर जुन्या रंगाच्या बोटीवर फक्त नंबर ताजा दिसला, किंवा नाळेवरचा आणि केबिनवरचा आकडा वेगळा निघाला, किंवा एमओ लिहिलेल्या होडीत आत मोठं इंजिन सापडलं तर. मग इंजिनचा नंबर वहीशी ताडून बघतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९८९ मध्ये स्वीकारलेल्या मानकात वेगळी वाट घेतली, त्यात बंदराचं अक्षर नाही, बोटीला रेडिओचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायची ठरलेली अक्षरं-आकडे, दिलेलं असेल तर तेच रंगवायचं, आणि कॉलसाइनची सुरुवातीची अक्षरं देशाला वाटून दिलेली असल्यामुळे देश कळतो. २५ मीटर आणि वरच्या बोटीला त्यात एक मीटर उंच अक्षरं सुचवली आहेत, कारण आता वाचणारा माणूस विमानातही असतो. लहान किनारी बोटींकडे कॉलसाइन नसतंच, त्यामुळे तिथे राष्ट्रीय नोंदणीचा नंबरच चालतो.