नेमसर्व्हर बदलला, तरी साइट जुनीच का दिसते?

होस्टिंग बदललं, रजिस्ट्रारच्या पानावर नवे नेमसर्व्हर भरले, सेव्ह केलं. मोबाइल डेटावर नवी साइट उघडते आणि घरच्या वायफायवर जुनीच दिसते, किंवा काहीच उघडत नाही. मदत केंद्राला विचारलं की एकच उत्तर येतं: ‘प्रॉपगेशन चालू आहे, २४ ते ४८ तास थांबा.’ या शब्दामुळे असं वाटतं की नवी माहिती जगभर हळूहळू पसरते आहे. प्रत्यक्षात डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत, कोणी कोणाला बदल कळवत नाही. जगभरच्या सर्व्हरांनी जुन्या उत्तराच्या प्रती जपून ठेवलेल्या असतात आणि त्यांची मुदत संपायची असते, एवढंच घडत असतं.

या मुदतीला टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदांत लिहिलेली असते. तुमचा ब्राउझर साइटचा पत्ता स्वतः शोधत बसत नाही. तो तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर आधी सगळ्या .com नावांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीला विचारतो, ‘या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते?’ आणि मग त्या नेमसर्व्हरला विचारतो, ‘साइटचा आयपी कोणता?’ दोन्ही उत्तरं तो आपापल्या टीटीएलइतका वेळ जपून ठेवतो. दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे ए रेकॉर्डचा टीटीएल तुम्ही ठरवता. पहिल्याचा मात्र रजिस्ट्री ठरवते आणि .com साठी तो १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. मदत केंद्रवाले सांगतात तो आकडा इथून येतो. ‘मी आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवला होता, तरी वेळ का लागतोय?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: तुम्ही कमी केला तो ए रेकॉर्डचा टीटीएल, नेमसर्व्हरच्या नोंदीचा नव्हे.

एक उदाहरण घेऊ. नमुन्यासाठी डोमेन example.com, जुना आयपी 192.0.2.10, नवा 203.0.113.25, आणि ए रेकॉर्डचा टीटीएल १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता नेमसर्व्हर बदलले. घरच्या ब्रॉडबँडच्या रिझॉल्व्हरने मात्र दुपारी ३ वाजताच रजिस्ट्रीला विचारून जुन्या नेमसर्व्हरची नावं घेतली होती. ती त्याच्याकडे रविवारी दुपारी ३ पर्यंत राहू शकतात. संध्याकाळी ७ वाजता त्याच्याकडच्या ए रेकॉर्डची मुदत संपली, तरी तो रजिस्ट्रीकडे जात नाही. जपलेली नावं पाहून तो थेट जुन्या नेमसर्व्हरकडेच जातो, तिथून पुन्हा जुना आयपी घेतो आणि पुढचे चार तास तोच देत राहतो. जुनं होस्टिंग तोवर बंद केलेलं असेल, तर त्याला उत्तरच मिळत नाही आणि साइट उघडत नाही. मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरला ६ च्या आधी कोणी हे डोमेन विचारलंच नसेल, तर तो पहिल्याच फेरीत नव्या जागी पोहोचतो.

म्हणून थांबण्यापेक्षा तपासावं, आणि तपासण्याचा क्रम वरून खाली असावा. `dig` ही आज्ञा मॅकवर असतेच, लिनक्सवर सहज बसवता येते. आधी रजिस्ट्रीला विचारा:

```
dig NS example.com @a.gtld-servers.net +norecurse
```

उत्तर `AUTHORITY SECTION` खाली येतं. तिथे जुनीच नावं दिसत असतील तर जपलेल्या प्रतींचा, म्हणजे कॅशेचा, काही संबंध नाही. बदल रजिस्ट्रारकडेच अडकलाय किंवा नाव चुकीचं टाइप झालंय. अशा वेळी ४८ तास थांबून काहीही होणार नाही. नावं नवी दिसत असतील तर पुढे नव्या नेमसर्व्हरलाच विचारा. `ns1.navin.example` च्या जागी तुमच्या नव्या नेमसर्व्हरचं नाव घाला:

```
dig A example.com @ns1.navin.example +norecurse
```

इथे `status: NOERROR`, `flags` मध्ये `aa`, म्हणजे उत्तर अधिकृत असल्याची खूण, आणि खाली नवा आयपी दिसला पाहिजे. `REFUSED` आलं तर बहुधा नव्या कंपनीकडे तुमच्या डोमेनचा झोन, म्हणजे त्याच्या रेकॉर्डांचा संच, तयारच झालेला नाही. ही चूक फार सर्रास होते. नेमसर्व्हर बदलतो आपण, पण तिथे रेकॉर्ड भरायचे राहून जातात. `www` किंवा मेलचा एमएक्स राहिला, की साइट चालते आणि मेल बंद पडतात. शिवाय ‘असं नाव नाही’, म्हणजे `NXDOMAIN`, हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतो. किती वेळ, ते झोनच्या एसओए रेकॉर्डवरून ठरतं. रेकॉर्ड भरण्याआधीच साइट उघडून पाहिलीत, तर ते नकाराचं उत्तर रेकॉर्ड भरल्यावरही काही काळ पाठ सोडत नाही.

शेवटी रिझॉल्व्हर:

```
dig A example.com @8.8.8.8

example.com.  9130  IN  A  192.0.2.10
```

मधला आकडा म्हणजे उरलेले सेकंद. मिनिटभराने हीच आज्ञा पुन्हा द्या. आकडा ९,०७० च्या आसपास आला, तर ती जपलेली प्रत आहे आणि तिचं आयुष्य अडीच तास उरलंय. 8.8.8.8 च्या मागे अनेक यंत्रं आहेत, त्यामुळे आकडा कधी उलटा वाढलेलाही दिसेल. विंडोजवर `nslookup example.com 8.8.8.8` चालतं, पण उरलेली मुदत ते एरवी दाखवत नाही. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या रिझॉल्व्हरमधली प्रत काढून टाकायला त्यांनी स्वतः पानं दिली आहेत. इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरबाबत मात्र थांबावंच लागतं.

सगळीकडे नवा आयपी येतोय आणि तुमच्याच संगणकावर जुनी साइट दिसतेय, तर प्रत घरातच आहे. विंडोजवर `ipconfig /flushdns` द्या, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, राउटर एकदा बंद-चालू करा. आधी कधी चाचणीसाठी hosts फाइलमध्ये ओळ घातली असेल तर ती काढा. तिला मुदत नसते.

`SERVFAIL` आलं आणि डोमेनवर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय, चालू असेल, तर संशय डीएस रेकॉर्डवर घ्या. जुन्या कंपनीच्या किल्लीची ती नोंद रजिस्ट्रीत तशीच राहिली, की नव्या नेमसर्व्हरच्या सह्या जुळत नाहीत आणि सह्या तपासणारे रिझॉल्व्हर उत्तरच नाकारतात. `dig +cd` ने उत्तर येतं आणि साध्या `dig` ने येत नाही, तर दोष बहुतेक हाच. नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएस काढून त्याचा टीटीएल संपू द्यायचा, हा यावरचा साधा मार्ग. .com मध्ये तो एक दिवसाचा आहे.

आणि मुळात हा खोळंबा टाळता येतो. सगळे रेकॉर्ड नव्या नेमसर्व्हरवर आधी भरा, मग जुन्या नेमसर्व्हरवरचा ए रेकॉर्डही नव्या आयपीवर वळवा. मग रिझॉल्व्हर कोणाच्याही दारी गेला तरी उत्तर एकच. ते केलं नसेल, तर जुनं खातं बंद करण्याचा हिशेब असा: शुक्रवारी ६ ला बदल, अगदी ५:५९ ला घेतलेली जुनी नावं रविवारी ५:५९ पर्यंत, आणि त्या शेवटच्या क्षणी घेतलेला जुना आयपी आणखी चार तास. म्हणजे रविवारी रात्री १० पर्यंत जुना सर्व्हर चालू हवा. काही रिझॉल्व्हर जुन्या नेमसर्व्हरने स्वतः सांगितलेली मुदत धरून चालतात, म्हणून त्यावर आणखी दोन-तीन दिवस तो तसाच ठेवावा.