ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाच्या मंजुरीपत्रातील अटी : ८१०५ आणि तिचा पंधरवडा

आमच्या कार्यालयामार्फत ऑस्ट्रेलियात नुकत्याच पोहोचलेल्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या सबक्लास ५०० व्हिसाच्या मंजुरीपत्रात चार आकडी क्रमांकांची एक यादी छापलेली असते. यादीतील प्रत्येक क्रमांक ही एक अट असून ती व्हिसाची मुदत संपेपर्यंत आपल्याला लागू राहते. त्यांपैकी ज्या अटीचा हिशेब सर्वाधिक चुकतो ती ८१०५, म्हणजे नोकरीच्या तासांची अट, येथे सविस्तर देत आहोत.

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी काम करता येत नाही. तो सुरू झाल्यावर, अध्यापनसत्र चालू असताना, पंधरवड्याला ४८ तासांपर्यंत काम करता येते. ही मर्यादा १ जुलै २०२३ पासूनची आहे. सत्रांमधील अधिकृत सुट्टीत ती लागू नसते. संशोधनाधारित मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांनाही, अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर, तासांचे बंधन नाही.

येथील पंधरवडा आपल्या पंचांगातला नव्हे. सोमवारी सुरू होणारे कोणतेही सलग १४ दिवस म्हणजे एक पंधरवडा, आणि प्रत्येक सोमवारी नवा पंधरवडा सुरू होत असल्यामुळे प्रत्येक आठवडा दोनदा मोजला जातो, एकदा मागच्या आठवड्याबरोबर आणि एकदा पुढच्या. समजा, आपण पहिल्या आठवड्यात १२, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात २० तास काम केले. पहिले दोन आठवडे मिळून ४६ आणि शेवटचे दोन मिळून ३८ तास होतात, म्हणून सारे नियमात आहे असे वाटते. परंतु दुसरा आणि तिसरा आठवडा मिळून ५२ तास भरतात आणि तेथे अट मोडते.

पगाराच्या पावतीवरून ही चूक सहसा लक्षात येत नाही, कारण मालकाचा पगाराचा पंधरवडा गुरुवारी किंवा शनिवारीही सुरू होत असू शकतो, आणि दोन ठिकाणी नोकरी असल्यास प्रत्येक पावतीवर निम्मेच तास दिसतात. म्हणून सोमवार ते रविवार असे तास स्वतःच्या वहीत लिहावेत व नवी शिफ्ट स्वीकारण्यापूर्वी मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही आठवड्यांशी बेरीज करून पाहावी. एबीएन हा व्यवसाय क्रमांक काढून केलेली खाद्यपदार्थांची डिलिव्हरी आणि रोखीने मिळालेले कामही या बेरजेत धरावे. ‘रोखीचे मोजत नाहीत’ हे घरातल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून हमखास ऐकायला मिळेल, पण ते खरे नाही. अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग म्हणून नोंदलेले प्रशिक्षण मात्र मोजले जात नाही.

उरलेल्या अटींपैकी ८५३३ नुसार पोहोचल्यापासून ७ दिवसांत राहण्याचा पत्ता शिक्षणसंस्थेला कळवावा लागतो, आणि पुढे घर बदलल्यावरही तितक्याच दिवसांत. पहिले काही दिवस नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांकडून हे दुसऱ्यांदा कळवणे राहून जाते. ८२०२ अन्वये नोंदणी, उपस्थिती आणि समाधानकारक प्रगती कायम ठेवावी लागते, तर ८५०१ अन्वये आरोग्य विमा खंडित होऊ देता येत नाही.

आपल्याला नेमक्या कोणत्या अटी लागू आहेत, हे VEVO या सरकारी ऑनलाइन सेवेत पाहता येते. तास आधीच ओलांडले गेले असतील तर वहीतील नोंदी न बदलता ऑस्ट्रेलियातील नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा सल्ला घ्यावा. असा सल्ला देण्याचा अधिकार आमच्या कार्यालयाला नाही.