k च्या तीन किमती: शून्य आणि पुन्हा येणाऱ्या आयगनव्हॅल्यू
(विश्रामबाग, सांगली येथील आमच्या इंजिनिअरिंग गणित शिकवणीच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक)

आमचा उदाहरणसंच घेतलेल्या प्रथम वर्षाच्या मुलामुलींची मॅट्रिक्सच्या धड्यातली एक शंका ठरलेली असते: "सर, k ची एक किंमत निघाली, पण उत्तरात दोन दिल्यात. दुसरी आली कुठून?" मिरज-इस्लामपूरहून येणाऱ्यांना तेवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढायला लागू नये, म्हणून एकच गणित इथे शेवटपर्यंत सोडवून दिलं आहे.

```
      | 1   k   4 |
A  =  | 1   3  -1 |
      | 0   0   5 |
```

k च्या कोणत्या किमतींना A ची एखादी आयगनव्हॅल्यू शून्य होते आणि कोणत्या किमतींना एकच आयगनव्हॅल्यू दोनदा येते, हे काढायचं आहे.

शून्याचा भाग सोपा आहे. सगळ्या आयगनव्हॅल्यूंचा गुणाकार म्हणजे डिटरमिनंट. त्यामुळे त्यातली एक शून्य असेल तर डिटरमिनंटही शून्यच, आणि उलटही खरं. तिसऱ्या ओळीने विस्तार केला की डिटरमिनंट 5(3 − k) येतो, म्हणजे k = 3. इथे λ असलेलं समीकरण मांडायची गरजच नाही. तरी निम्मा वर्ग ते मांडतो आणि पाच मिनिटं घालवतो.

पुन्हा येणाऱ्या आयगनव्हॅल्यूसाठी मात्र ते समीकरण लागतं. तिसऱ्या ओळीत दोन शून्यं असल्यामुळे ते आपोआप सुटं होतं:

(λ − 5)(λ² − 4λ + 3 − k) = 0

एक आयगनव्हॅल्यू कायम 5. उरलेल्या दोन 2 ± √(1 + k). बहुतेक जण इथे वर्गसमीकरणाचा विवेचक शून्य धरतात, k = −1 काढतात आणि खाली दोन रेघा मारतात. ते चूक नाही, अर्धवट आहे. वर्गसमीकरणाची मुळं एकमेकांसारखी झाली की पुनरावृत्ती होते, तशीच त्यातलं एखादं मूळ बाहेरच्या 5 ला जाऊन मिळालं तरी होते. वर्गसमीकरणात λ = 5 घाला: 25 − 20 + 3 − k = 0, म्हणजे k = 8. हरवलेली दुसरी किंमत ती हीच.

पडताळा ट्रेसने घ्यावा. कर्णावरच्या संख्यांची बेरीज 9, आणि k कर्णावर नसल्यामुळे ती बदलत नाही. k = 3 ला 0, 4, 5; k = −1 ला 2, 2, 5; k = 8 ला 5, 5, −1. तिन्ही वेळा बेरीज 9. ट्रेस जुळला नाही तर पुढे जाऊ नका, समीकरणातच चिन्ह चुकलेलं असतं.

आता समजा, समीकरण असं सुटं झालंच नाही. मग विस्तार करून p(λ) = λ³ − 9λ² + (23 − k)λ + 5k − 15 असं लिहा. दोनदा येणारं मूळ p चं असतं तसंच p च्या डेरिव्हेटिव्हचंही असतं. 3λ² − 18λ + 23 − k = 0 यातून k = 3λ² − 18λ + 23. हा k परत p(λ) = 0 मध्ये घातला की (λ − 2)(λ − 5)² = 0 उरतं. λ = 2 ला k = −1 आणि λ = 5 ला k = 8. वाट लांबची आहे, पण समीकरणात k एकघाती असला की ती चालते आणि तिच्यात कोणतीही किंमत निसटत नाही.

प्रश्नात पुढे "मॅट्रिक्स डायगोनल करता येईल का?" असं विचारलं असेल तर दोन्ही किमतींना एकच उत्तर लिहू नका. k = 8 ला A − 5I ची पहिली ओळ (−4, 8, 4) आणि दुसरी (1, −2, −1). पहिली ही दुसरीच्या −4 पट आहे. रँक 1, म्हणून स्वतंत्र आयगनव्हेक्टर दोन मिळतात: (2, 1, 0) आणि (1, 0, 1). डायगोनल करता येतं. k = −1 ला A − 2I च्या ओळी (−1, −1, 4), (1, 1, −1) आणि (0, 0, 3). इथे रँक 2, λ = 2 साठी आयगनव्हेक्टर एकच, त्यामुळे डायगोनल होत नाही. फरक पुनरावृत्तीने पडत नाही, रँकने पडतो.

उत्तर संगणकावर तपासणाऱ्यांसाठी एक इशारा. k = −1 ऐवजी −0.9999 टाकला तर 2, 2 च्या जागी 1.99 आणि 2.01 दिसतात, कारण वर्गमुळाखाली 0.0001 उरतो आणि त्याचं मूळ 0.01 असतं. k = 8 जवळ तेवढ्याच फरकाने 5 जेमतेम 5.00002 होतो. म्हणून पडद्यावर दोन किमती अगदी जवळ दिसल्या तर k दशांशात न टाकता नेमका ठेवा आणि वरचा विवेचक हाताने काढून बघा.