फायर ब्रिगेडने गाडी घेऊन ‘व्हिजिट’ला जायचं म्हणजे नेमकं काय? थोडी पार्श्वभूमी

आग लागायच्या आधीच इमारत आतून बघून ठेवायची, ही कल्पना मुळात आपली नाही, ब्रिटिशांची. तिथल्या १९४७ च्या फायर कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की आपल्या हद्दीतल्या इमारती कशा आहेत, पाणी कुठे मिळेल, आत जायचं कुठून, ही माहिती आग विझवण्यासाठी म्हणून आधीच गोळा करून ठेवायची. उपकलमाच्या नंबरावरून तिथले फायरमन त्याला ‘वन वन डी’ म्हणायचे. माहिती आधी नसली की काय होतं ते त्याच्या तीन वर्षं आधीच दिसलं होतं, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत कापूस पेटला म्हणून जवान जहाजावर चढले, त्याच जहाजात स्फोटकं होती, आणि धोक्याच्या मालाचा लाल बावटाच लावलेला नव्हता. ६६ जवान गेले.

आपल्याकडे अशी माहिती आधी जमवण्याला जुने लोक टोपोग्राफी म्हणतात. हद्दीतल्या गल्ल्या, हायड्रंट, विहिरी पाठ करायच्या. चाळी आणि गिरण्या होत्या तोवर ते पुरायचं, कारण गिरणी बाहेरून दिसते तशीच आत असते, मॉलचं तसं नाही.

आता खरा गुंता. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. त्यात ठरलं की इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची, आणि लायसन्स असलेल्या एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी द्यायचा. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर स्टेशनात अजून वाद होतात. एक बाजू म्हणते, एवढ्या इमारती तपासायला माणसं कुठून आणणार? मुद्दा खराय. पण माझ्या मते त्यातून एक घोळ झाला, ‘व्हिजिट’ आणि ‘इन्स्पेक्शन’ हे दोन शब्द एक होऊन बसले. क्रू गेटवर पोचला की मॅनेजर एसी केबिनमध्ये बसवतो, चहा मागवतो आणि फाईल पुढे ठेवतो, साहेब फॉर्म बी अप टू डेट आहे. अहो पण आम्ही फॉर्म बघायला आलोच नाही ना! इन्स्पेक्शन विचारतं पंप आहे का, चालतो का. व्हिजिट विचारते रात्री दोनला आगीची वर्दी आली तर पंप रूमची किल्ली कोणाकडे असते. हे फॉर्ममध्ये कुठेच नसतं, आणि आपण दंड करायला आलोय असं वाटलं की माणसं नेमकं तेच लपवतात, म्हणजे कुलूप लावलेला मागचा जिना, पार्किंगमध्ये काढलेलं गोडाऊन.

एका मॉलचं सांगतो. समोरच्या भिंतीत बाहेरून गाडीचा होज जोडून पाणी आत सोडायचे तीन इनलेट होते, पुढे बाईक लावलेल्या, एकाच्या तोंडात पाण्याची बाटली कोंबलेली, आणि बोर्ड एकावरही नाही. सिक्युरिटीला विचारलं तर म्हणे तिन्ही फायरचेच. मग पंप रूममधून पाइप धरत मागे आलो तेव्हा कळलं, एक मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपचा म्हणजे रायझरचा, एक स्प्रिंकलरचा आणि एक नुसता जमिनीखालची टाकी भरायचा. रात्री चुकून त्या तिसऱ्याला होज जोडला तर पंप ऑपरेटर पाणी देत राहणार, ते टाकीत पडणार आणि वर मजल्यावर जिथून आम्ही पाणी घेतो तो लँडिंग व्हॉल्व्ह कोरडा. ओळखायची खूण एवढीच की थ्रॉटल वाढवला तरी गेजवर प्रेशर चढत नाही, कारण टाकीचं तोंड उघडं असतं. आम्ही तिथल्या तिथे भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतलं.

त्याच मॉलमध्ये मजल्यांचाही घोटाळा. जागा उताराची, पुढच्या रोडवरून जो ग्राउंड तोच लिफ्टमध्ये अप्पर ग्राउंड, मागच्या गेटने शिरलं तर पहिला मजला. फोन करणारा ‘सेकंड लेव्हल’ म्हणाला तर धुरात श्वास घ्यायचा बीए सेट लावून कुठे चढायचं? म्हणून व्हिजिटला इमारतीचं जे स्केच काढतो त्यावर मजल्यांच्या आमच्या नावांशेजारी लिफ्टच्या बटणावर छापलंय तेही लिहितो, आणि कुठल्या गेटने मोजलं ते पण.

कारखान्यात प्रश्न उलटा असतो, इमारत साधी पण माल अवघड. सोडियम किंवा ॲल्युमिनियम पावडर असेल तर पाण्याने आग उलट भडकते, पहिला होज मारणंच चूक, म्हणून पावडरची शेड स्केचवर लाल, सुकी वाळू कुठे आहे ते बाजूला. आणि नाईट शिफ्टला किती माणसं हे एचआरला न विचारता कँटीनवाल्याला विचारावं, त्याचा आकडा खरा असतो 😀

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याचा मॉल ५० तासांहून जास्त जळला, शेजारच्या टॉवरमधली साडेतीन हजारांच्या आसपास माणसं बाहेर काढावी लागली. त्यानंतर मॉल तपासण्याची मोठी मोहीम निघाली, नोटिसा गेल्या, पण तीही तपासणीच. स्केच काढायचं काम अजून ज्या स्टेशन ऑफिसरला हौस आहे त्याच्यावरच, आणि त्याची बदली झाली की बहुतेक वेळा वही कपाटात जाते. दुकानं तर वर्षात दोनदा बदलतात, गेल्या वेळी जिथे कपडे होते तिथे आता ई-बाईकचं शोरूम आहे.