तिसऱ्या आल्या की एमपीएनच का विचारतात

तिसऱ्यांत जंतू किती हे मोजायला साधा प्लेट काउंट सोडून एमपीएन, म्हणजे मोस्ट प्रोबेबल नंबर, का लावतात ते बघू. प्लेट काउंट, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या कॉलन्या मोजून जंतू किती ते काढणं, मुळात कॉखचा. 1881 मध्ये त्याने जिलेटिनवर कॉलन्या वेगळ्या वाढवून दाखवल्या, पण जिलेटिन गरमीत पातळ होतं (आपल्याकडच्या मे महिन्यात तर टेबलावरच पाणी झालं असतं), मग फॅनी हेसेने स्वयंपाकघरातलं अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास, सुचवलं आणि 1887 ला पेट्रीची झाकणवाली डिश आली. तिथून पुढे कॉलनी मोजायची, डायल्यूशनने गुणायचं, बस.

पण तिसऱ्या, कालवं समुद्राचं पाणी गाळून खातात, त्यात गटाराचं पाणी मिसळलं की सगळं त्यांच्या पोटात. आता टायफॉइडचा जंतू थेट शोधायला गेलात तर तो इतका कमी असतो की हाती लागत नाही, म्हणून त्याच वाटेने येणारा पण भरपूर असलेला जंतू बघायचा, ही कल्पना. तो जंतू म्हणजे एशेरिशने 1885 मध्ये वर्णन केलेला, आतड्यात राहणारा ई. कोलाय, आणि तो पाण्यात विष्ठेची खूण म्हणून वापरा असं 1892 ला शार्डिंगरने सुचवलं. 1924-25 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कालवांमधून टायफॉइडची मोठी साथ आली, त्यानंतर तिकडे शिंपल्यांवर कडक नियम आले.

आता खरी अडचण. युरोपात शिंपले थेट खायला विकायचे तर 100 ग्रॅममध्ये साधारण 230 ई. कोलाय ही मर्यादा धरतात, म्हणजे ग्रॅमला 2.3. प्लेटवर 1:10 चं, म्हणजे दहापट पातळ केलेल्या मांसाचं, 1 मिली टाकलं तर तिथे जेमतेम 0.1 ग्रॅम मांस जातं, मग कॉलनी येणार किती? चौथा हिस्सापण नाही. त्यामुळे प्लेटऐवजी लॅक्टोजच्या द्रवाच्या नळ्या, जंतू वाढला की त्यात गॅस होतो. 1915 मध्ये मॅक्रेडीने दाखवलं की किती नळ्यांत गॅस आला आणि किती कोऱ्या राहिल्या यावरून मूळ आकडा किती असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे ते काढता येतं, तोच एमपीएन. नळीत जास्त माल घालता येतो, हा सगळा फायदा.

परीक्षेत समजा दिलंय: 1:10 चं 10 मिली, 1 मिली, 0.1 मिली, प्रत्येकी तीन नळ्या, ई. कोलाय कन्फर्म झालेल्या 3-1-0. तक्त्यात 3-1-0 समोर 43 दिसतं आणि पोरं तेच लिहून मोकळी होतात, पण तो तक्ता 0.1, 0.01, 0.001 ग्रॅमसाठी असतो, तुमच्या पहिल्या नळीत 1 ग्रॅम गेलाय, म्हणून दहाने भागा: ग्रॅमला 4.3, 100 ग्रॅमला 430, सॅम्पल मर्यादेबाहेर. त्यातही 95 टक्के रेंज 0.9 ते 18 आहे, म्हणजे आकडा ढोबळच. आणि नुसता डरहॅम नळीत, म्हणजे गॅस पकडायला आत उलटी ठेवलेल्या छोट्या नळीत, गॅस दिसला म्हणून ई. कोलाय धरू नका, तो प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे नुसता अंदाज, लॅक्टोज फोडणारे इतर जंतूही गॅस करतात.

व्हायव्हाला हमखास येणारा एक प्रश्न: ई. कोलाय नाही निघाला तर माल सेफ? नाही. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस 1950 च्या जपानमधल्या विषबाधेत सापडला, तो कोमट खाऱ्या पाण्यात आपला आपण राहतो, गटाराशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे त्याची टेस्ट वेगळी लावावी लागते.