डझन, जोडी, ग्रोस: आमच्या दुकानात मागणी देण्यापूर्वी

कळवा-ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतची शिवणाची मंडळी आमच्याकडे ठाण्यात बटणं, हूक, पॅड घ्यायला येतात किंवा फोनवर सांगतात. फोनवरच गोंधळ होतो, म्हणून हे पत्रक.

डझनाबद्दल वाद नाही. बटणांचा डझन म्हणजे 12 नग, ग्रोस म्हणजे 12 डझन, 144 नग. घोळ करते ती जोडी. मागच्या सीझनला एका ताईंनी शोल्डर पॅड "एक डझन" मागवले. आम्ही 12 नग दिले. त्यांना हवे होते 12 ब्लाउजांसाठी, म्हणजे 12 जोड्या, 24 नग. सहा ब्लाउज झाले आणि पॅड संपले. त्यांच्या मते पॅड जोडीनेच मोजायचा, आमच्या बिलात नगाने. चूक कुणाची म्हणायची? तेव्हापासून पॅडच्या बिलावर आम्ही "जोडी" असं स्पष्ट लिहितो.

हुकांची गंमत वेगळी. पॅडच्या जोडीत दोन्ही नग एकाच कामाचे; हुकाच्या जोडीत एक हूक आणि एक कडी. बरेच टेलर कडी धाग्याचीच करतात, त्यांना नुसते हूक लागतात. म्हणून आमच्याकडे "डझन हूक" म्हणजे 12 हूक, कडीशिवाय. कडीसह हवे असतील तर "डझन जोडी" म्हणा.

बटणांचा हिशेब असा करा. 25 फुल शर्ट: समोर 7, दोन कफांना 2, एक जादा, असे शर्टाला 10. एकूण 250. एक ग्रोस आणि नऊ डझन घेतलंत तर 252 होतात, पण शिलकीत दोनच. मशीनखाली एखादं बटण फुटतंच, आणि नंतर तोच रंग, तोच माल मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी 22 डझन, 264 नग घ्या. दोन ग्रोस घेतलेत तर 38 पडून राहतील. रंग नेहमीचा पांढरा असेल तरच परवडतं.

"वीसेक लेस द्या" आणि "एक कोडी द्या" यांत फरक आहे. कोडी म्हणजे मोजून 20. पतंगवाले आणि जुने कापडवाले अजून तसंच मोजतात. वीसेक म्हणजे 18 ते 22, आम्ही विचारूनच बांधतो. "डझनभर" ऐकलं की 12 देतो, कारण बोलण्यातला तो सैल शब्द असला तरी माल सैल मोजता येत नाही. "दोन-तीन डझन" म्हणालात तर मात्र पॅकिंग थांबतं. दोन की तीन ते कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर 24 किंवा 36 असा आकडा टाकलात तरी चालेल.