सहा पदरी लडी की पर्लचा गोळा? भरतकाम करणाऱ्या मैत्रिणीसाठी दोरा घेताना

जळगावच्या फुले मार्केटसारख्या ठिकाणी शिवणसाहित्याच्या दुकानात शिरून ‘भरतकामाचा दोरा द्या’ म्हटलं की समोर दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक कागदी पट्टी लावलेली चपटी लडी, दुसरा छोटा घट्ट गोळा. दोन्ही सुती, दोन्ही चमकदार, दोन्हींवर रंगाचा क्रमांक. भेट म्हणून दोरा विकत घेणारी व्यक्ती स्वतः भरतकाम करत नसेल, तर तिला यातलं काहीही चालेल असंच वाटतं. पण एकाच्या जागी दुसरा दिला तर तो कपाटातच पडून राहतो, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

लडी सैल पिळाची असते आणि सहा पदरांची. हे सहा पदर वेगळे करता येतात, म्हणून भरणारीच ठरवते दोरा किती जाड हवा. पानाची बारीक शीर एका पदराने, फुलाची पाकळी दोन पदरांनी, ठसठशीत देठ तीन पदरांनी. इंचाला 14 चौकटी असलेल्या मॅटीवर क्रॉस स्टिच साधारण दोन पदरांनी करतात आणि 11 चौकटींच्या मॅटीवर तीन पदरांनी. पदर काढायची एक रीत आहे. सुमारे 45 सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वरचं टोक चिमटीत धरायचं आणि एकच पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, हात फिरवला की पुन्हा सरळ होतात. दोन-तीन पदर एकदम ओढले तर ते एकमेकांभोवती फिरून गाठ बसते. हवे तितके पदर एकेक करून काढले आणि मग शेजारी ठेवून सुईत ओवले, की टाका सपाट आणि भरीव बसतो.

गोळ्यातल्या दोऱ्याचं, म्हणजे पर्लचं, तसं नाही. तो दोन पदर घट्ट पिळून केलेला असतो आणि तसाच वापरायचा असतो. पदर सोडवायला गेलं तर पीळ उसवतो, दोऱ्याची लव निघते आणि तो वाया जातो. जाडी क्रमांकावरून कळते, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण क्रमांक वाढला की दोरा बारीक होतो. 5 जाड, 8 मध्यम, 12 बारीक. 8 नंबरचा पर्ल लडीच्या दोनेक पदरांइतका भरतो, 5 नंबरचा तीन-चार पदरांइतका. पीळ घट्ट असल्यामुळे टाका कापडावर उठून दिसतो. साखळी टाका, गाठीचा टाका आणि गोधडीवरचा धावदोरा यांना तो फार शोभतो. उलट पाकळी सपाट रंगवल्यासारखी भरायची असेल तर पर्लच्या ओळी वेगवेगळ्या दिसतात आणि मधे फटी राहतात. तिथे लडीच हवी.

कापडही बघावं लागतं. मलमल, पॉपलिन किंवा बारीक सुती साडीच्या पदरावर 5 नंबरचा पर्ल ओढला तर प्रत्येक टाक्याला भोक मोठं होतं आणि कापडाला चुणी पडते. केसमेंट, दोसुती, जाड खादी किंवा जुन्या साड्यांचे दोन-तीन थर असतील तर तोच दोरा सहज जातो.

मैत्रीण कोणता दोरा वापरते हे तिला न विचारताही कळू शकतं. तिने पाठवलेला एखादा फोटो मोठा करून बघा. एका रेषेत दोऱ्याच्या पिळाचे तिरपे वळसे मोजता आले तर पर्ल. रंग एकसारखा पसरलेला असेल, एकाच पाकळीत फिकट गुलाबीपासून गडदपर्यंत तीन-चार छटा असतील तर लडी. घरी गेलात तर दोऱ्यांचा डबा बघा. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्यांवर क्रमांक लिहून दोरे गुंडाळलेले असतील तर ती लडीवाली आहे.

आता एक उदाहरण घेऊ. मैत्रीण आखाजीला अमळनेरला माहेरी येणार आहे, आणि ती केसमेंटचे उशीचे अभ्रे भरते, कडेला साखळी टाका आणि मधे वेल. अभ्रा 40 सेंटिमीटरचा असेल तर कडेपासून थोडं आत चारही बाजूंची रेघ सुमारे 150 सेंटिमीटर होते. साखळी टाक्याला रेघेच्या साडेतीन पट दोरा लागतो, कारण वर दोन बाजू आणि खाली एक बाजू, शिवाय थोडी सैल. म्हणजे सव्वापाच मीटर. प्रत्येक 45 सेंटिमीटरच्या तुकड्यात सुरुवात आणि शेवट धरून 10-12 सेंटिमीटर वाया जातात, तेव्हा हिशेब सात मीटरच्या थोडा वर जातो. लडी 8 मीटरची असते. तिचे तीन पदर वापरले तर 16 मीटर दोरा मिळतो, म्हणजे एका कडेला साधारण अर्धी लडी. 8 नंबरच्या पर्लचा गोळा सुमारे 80 मीटरचा असतो, त्यात अशा दहा-अकरा कडा होतात.

यावरून काय घ्यावं ते ठरतं. पर्लवालीला रंग थोडे आणि दोरा भरपूर लागतो, म्हणून 8 नंबरचे तीन-चार गोळे पुरतात, त्यात एक पांढरा किंवा मोतिया असू द्या. लडीवालीला मात्र छटा हव्या असतात. दहा-बारा लड्या घ्या, पण त्या दहा-बारा वेगवेगळ्या रंगांच्या नकोत. हिरव्याच्या चार, गुलाबीच्या चार, पिवळ्याच्या दोन-तीन अशा जवळच्या छटा असतील तर पान आणि पाकळी पूर्ण भरता येतात. पार्श्वभूमीसाठी एकच रंग जास्त लागणार असेल तर सगळ्या लड्या एकाच वेळी, एकाच खोक्यातून घ्या. क्रमांक तोच असला तरी रंगाईच्या वेगळ्या घाण्यात छटा किंचित बदलू शकते आणि ती मोठ्या भरावात पट्ट्यासारखी दिसते. दोन कंपन्यांचे क्रमांकही जुळत नाहीत. काळा रंग अँकरमध्ये 403 आहे आणि डीएमसीमध्ये 310, त्यामुळे मैत्रिणीने क्रमांक सांगितला तर कंपनीचं नावही विचारा.

पन्नास-शंभर रंगांचे स्वस्त डबे टाळावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातला दोरा बऱ्याचदा पॉलिस्टरचा निघतो, तो सुईतून निसटतो आणि गाठ धरत नाही. एक तुकडा जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. लाल, मरून आणि निळा यांची आणखी एक परीक्षा घ्या. पांढऱ्या ओल्या रुमालात दोरा दाबून चोळा. रुमालाला रंग लागला तर पांढऱ्या कापडावरचं काम पहिल्याच धुण्यात बिघडेल.

दुकानात आणखी एक फसगत होते. क्रोशाच्या दोऱ्याचा गोळा पर्लसारखाच दिसतो आणि अनेकदा त्याच खोक्यात ठेवलेला असतो. तो जास्त घट्ट पिळलेला आणि हाताला कडक लागतो. कापडातून ओढताना अडतो. चिठ्ठीवर 20 किंवा 40 असा आकडा दिसला तर तो बहुधा क्रोशाचाच.

5 नंबरचा पर्ल गोळ्याऐवजी पीळ दिलेल्या लडीतही मिळतो, सुमारे 25 मीटरचा. ती चपट्या लडीसारखी टोकापासून ओढायची नसते, ओढली तर गुंता होतो. पीळ सोडून मोठा वेढा करायचा, एका जागी कापायचा आणि सैल वेणी घालून ठेवायची. देताना हे सांगून ठेवा.

सुईचं पाकीट जोडायचं असेल तर सुईचं नाकं दोऱ्यापेक्षा थोडं मोठं हवं. लडीच्या एक-दोन पदरांना भरतकामाची 7 किंवा 8 नंबरची सुई पुरते. 5 नंबरच्या पर्लला लांब नाकाची, टोकदार शेनिल सुई हवी, 22 नंबरची. मॅटीवर मात्र बोथट टोकाची सुई, 14 चौकटींना 24 नंबरची. सुयांचेही आकडे वाढले की सुई बारीक होते. आखाजीच्या उन्हात हाताला घाम येतो आणि फिकट दोरा मळतो, त्यामुळे लांब दोरा ओवू नये. 45 सेंटिमीटरच पुरे. लडीवरची कागदी पट्टी आणि गोळ्यावरची चिठ्ठी मात्र काढू नका, रंग संपल्यावर तोच क्रमांक दुकानात दाखवता येतो.